कॅमशाफ्ट खाली की वर? पुशरॉड, एसओएचसी आणि डीओएचसी इंजिनांतील फरक

रॉयल एनफिल्ड कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये 'मीटिऑर ३५०' ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा तिच्या इंजिनात पुशरॉड नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये 'क्लासिक ३५०' आणि सप्टेंबर २०२३ मध्ये 'बुलेट ३५०' या गाड्यांनाही हेच नवे इंजिन बसविण्यात आले. मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेटची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून चालत आलेली रचना अशा रीतीने तिच्यातून बाद झाली. या बदलाने गाडीचा 'ठोका' गेला, अशी हळहळ अनेक जुन्या चालकांनी व्यक्त केली, तर नव्या इंजिनाची ताकद वाढली असावी, असा अनेकांचा समज झाला. हे दोन्ही समज तपासायचे, तर व्हॉल्व्ह उघडण्याच्या तीन पद्धती समजून घ्याव्या लागतात.

व्हॉल्व्ह उघडतो कसा?

फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला किमान दोन व्हॉल्व्ह असतात. इनलेट व्हॉल्व्हमधून हवा व पेट्रोलचे मिश्रण आत येते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळालेला वायू बाहेर पडतो. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्टवरील उंचवटा, म्हणजे कॅम करतो, तर तो बंद करण्याचे काम स्प्रिंग करते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. येथपर्यंत तिन्ही रचना सारख्याच आहेत. कॅमशाफ्ट कोठे बसविला आहे आणि त्याच्या व व्हॉल्व्हच्या मध्ये किती भाग हलतात, एवढाच त्यांच्यातील मूळ फरक होय.

पुशरॉड इंजिनात कॅमशाफ्ट खाली, क्रँकशाफ्टच्या शेजारी असतो. कॅम फिरला की त्यावर टेकलेला टॅपेट वर उचलला जातो. टॅपेट लांब पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड सिलिंडर हेडमधील रॉकर आर्मचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हला खाली दाबते. विहिरीवरील ओकतीप्रमाणे रॉकर मध्यावर तोललेला असतो. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसेडरचे १,४८९ सीसीचे आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच पद्धतीचे होते.

सिंगल ओव्हरहेड कॅमशाफ्ट, म्हणजे एसओएचसी रचनेत कॅमशाफ्टच वर, सिलिंडर हेडमध्ये नेला जातो. क्रँकशाफ्टकडून त्याला चेन किंवा टायमिंग बेल्टने गती मिळते. कॅम थेट रॉकरला ढकलतो. पुशरॉडची गरज उरत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मुळे ही रचना भारतातील मध्यमवर्गीयांच्या घरी पोहोचली.

डबल ओव्हरहेड कॅमशाफ्ट, म्हणजे डीओएचसी रचनेत हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट असतात. एक केवळ इनलेट व्हॉल्व्हच्या रांगेवर असतो आणि दुसरा केवळ एक्झॉस्टच्या. प्रत्येक कॅम आपल्या व्हॉल्व्हच्या थेट माथ्यावर असल्याने मोठ्या रॉकरचीही गरज राहत नाही. मध्ये एखादी वाटी किंवा आखूड फिंगर फॉलोअर पुरतो. ही कल्पना नवी नाही. १९१२ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकणाऱ्या प्यूजो मोटारीच्या इंजिनात दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते.

खरा प्रश्न वजनाचा

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट ३,००० फेरे घेतो. म्हणजेच प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात ५० वेळा उघडतो आणि मिटतो. क्रँकशाफ्टचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पूर्ण होतो. व्हॉल्व्ह साधारण दोन तृतीयांश फेरा उघडा राहतो असे धरले, तर उघडून, पूर्ण उंची गाठून, पुन्हा बसण्यास त्याला सेकंदाचा सुमारे दीडशेवा भाग मिळतो.

उघडताना कॅम सक्तीने ढकलत असल्याने अडचण येत नाही. अडचण परतीच्या प्रवासात येते. त्या वेळी व्हॉल्व्ह, रॉकर, पुशरॉड आणि टॅपेट या सर्वांना कॅमला चिकटवून ठेवण्याची जबाबदारी एकट्या स्प्रिंगवर असते. या भागांच्या जडत्वाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिनाचा वेग ५,००० वरून ७,००० फेऱ्यांवर गेला, तर हा जोर जवळपास दुप्पट होतो. एका मर्यादेनंतर स्प्रिंग कमी पडते, भाग कॅमपासून सुटतात आणि व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही. यास व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. वेग वाढताना ताकद अचानक कोसळते, इंजिन अडखळते आणि हेडमधून कर्कश खडखडाट येतो, ही त्याची लक्षणे होत. असे वारंवार झाल्यास पुशरॉड वाकतो किंवा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

अधिक कडक स्प्रिंग बसविणे हा उपाय वरवर सोपा वाटतो. परंतु त्यामुळे कॅम व टॅपेट लवकर झिजतात आणि घर्षणात ताकद वाया जाते. शिवाय लांब पुशरॉड दाबाखाली किंचित लवतो. त्यामुळे कॅमने ठरविलेली हालचाल व्हॉल्व्हपर्यंत जशीच्या तशी पोहोचत नाही. मधले भाग काढून टाकणे हाच खरा उपाय ठरतो आणि ओव्हरहेड कॅमशाफ्टने तेच साधले जाते.

तीन इंजिनांचा हिशेब

एकाच कंपनीची तीन इंजिने शेजारी ठेवली असता हा फरक स्पष्ट होतो. जुन्या क्लासिक व बुलेटमधील ३४६ सीसीचे पुशरॉड इंजिन ५,२५० फेऱ्यांवर १९.८ अश्वशक्ती आणि ४,००० फेऱ्यांवर २८ न्यूटन मीटर टॉर्क देत असे. त्याच्या जागी आलेले ३४९ सीसीचे एसओएचसी इंजिन ६,१०० फेऱ्यांवर २०.२ अश्वशक्ती आणि ४,००० फेऱ्यांवर २७ न्यूटन मीटर देते. म्हणजे कॅमशाफ्ट वर नेऊनही ताकदीत नाममात्र वाढ झाली आणि टॉर्क किंचित घटला. कंपनीने हे इंजिन संथ चालीसाठीच जुळविले आहे. चालकांना जाणवणारी कंपनांतील घट ही प्रामुख्याने नव्याने बसविलेल्या बॅलन्सर शाफ्टची देणगी आहे, कॅमशाफ्टची नव्हे.

२०२३ मध्ये आलेल्या 'हिमालयन ४५०' चे ४५२ सीसीचे डीओएचसी इंजिन मात्र वेगळे आहे. चार व्हॉल्व्ह असलेले हे इंजिन ८,००० फेऱ्यांवर सुमारे ४० अश्वशक्ती आणि ५,५०० फेऱ्यांवर ४० न्यूटन मीटर टॉर्क देते. प्रत्येक सीसीमागील टॉर्क ३४९ सीसीच्या इंजिनाच्या तुलनेत सुमारे १४ टक्क्यांनीच अधिक आहे. अश्वशक्ती मात्र ५० टक्क्यांहून अधिक वाढली आहे. अश्वशक्ती हा टॉर्क आणि वेग यांचा गुणाकार असतो. तेव्हा या वाढीतील मोठा वाटा वेगाचा आहे. हलक्या व्हॉल्व्ह यंत्रणेमुळे हा वेग झेपतो आणि चार व्हॉल्व्हमुळे त्या वेगातही सिलिंडरला पुरेशी हवा मिळते.

चार व्हॉल्व्हसाठी दोन कॅमशाफ्ट लागतातच असे नाही. रॉयल एनफिल्डच्याच ६४८ सीसी जुळ्या सिलिंडरच्या इंजिनात एकाच कॅमशाफ्टवर आठ व्हॉल्व्ह चालतात. परंतु दोन कॅमशाफ्टमुळे व्हॉल्व्हमधील कोन सोयीने ठेवता येतो, स्पार्क प्लगला मधोमध जागा मिळते आणि इनलेट व एक्झॉस्टच्या वेळा एकमेकींपासून स्वतंत्रपणे मागेपुढे करता येतात.

पुशरॉड टिकून का आहे?

व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात. डीओएचसी रचनेत त्यांना चार कॅमशाफ्ट आणि लांबलचक चेन लागतात. पुशरॉड रचनेत मधोमध बसविलेला एकच कॅमशाफ्ट दोन्ही रांगांना पुरतो. इंजिनाची उंची व रुंदी कमी राहते. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेटच्या २०२० च्या मॉडेलला ६.२ लिटरचे पुशरॉड इंजिन देण्यात आले; ते सुमारे ४९० अश्वशक्ती देते. त्याच मोटारीच्या २०२३ च्या 'झेड ०६' आवृत्तीत ५.५ लिटरचे डीओएचसी इंजिन असून त्याची ताकद ६७० अश्वशक्ती आहे, पण ती ८,४०० फेऱ्यांवर मिळते. आकार वाढवून ताकद मिळवायची की वेग वाढवून, यावर रचनेची निवड अवलंबून असते.

बिघाड कसा ओळखावा?

इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो. म्हणून व्हॉल्व्ह यंत्रणेत थोडी फट ठेवली जाते. तीच बोलीभाषेत 'टॅपेट सेटिंग' म्हणून ओळखली जाते. फट वाढली तर टकटक ऐकू येते. फट नाहीशी झाली तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बसकणीला देऊनच थंड होत असल्याने तो जळू लागतो. किकला नेहमीचा विरोध न जाणवणे आणि गरम इंजिन सुरू होण्यास त्रास देणे, ही त्याची खूण होय. त्यामुळे टकटक करणाऱ्या टॅपेटपेक्षा अचानक गप्प झालेला टॅपेट अधिक धोक्याचा असतो.

जुन्या बीड इंजिनाच्या बुलेटमध्ये ही तपासणी घरच्या घरी करता येते. इंजिन पूर्ण थंड असावे आणि पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी, सर्वांत वर आणलेला असावा. टॅपेटचे झाकण उघडून पुशरॉड बोटांनी फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे, परंतु वरखाली हलता कामा नये. नंतरच्या ३४६ सीसीच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असल्याने तेलाचा दाब ही फट आपोआप भरून काढतो. स्क्रू व नटाची सोय असलेल्या एसओएचसी इंजिनातही हे काम सोपे असते. डीओएचसी इंजिनात मात्र फट बहुधा बारीक चकत्या, म्हणजे शिम बदलून जुळवावी लागते. त्यासाठी अनेकदा कॅमशाफ्ट काढावे लागतात आणि मजुरी वाढते. मात्र ही वेळ क्वचित येते.

ओव्हरहेड कॅमशाफ्टची खरी दुखरी जागा म्हणजे त्याला फिरविणारी चेन किंवा बेल्ट. चेन सैल झाली की थंड इंजिन सुरू करताना काही क्षण साखळी घासल्यासारखा आवाज येतो. तेव्हाच टेन्शनर तपासून घ्यावा. टायमिंग बेल्ट मात्र बहुधा पूर्वसूचना न देता तुटतो. कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पिस्टन वरखाली होत राहतात आणि अनेक इंजिनांत ते उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकवितात. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली किलोमीटरची व वर्षांची मर्यादा बेल्टच्या बाबतीत काटेकोरपणे पाळावी. जुनी मोटार विकत घेताना बेल्ट बदलल्याची पावती उपलब्ध नसेल, तर तो बदललेला नाही असेच गृहीत धरणे शहाणपणाचे ठरते.