काळ्या मातीची तीन नावे : मातीचे वर्गीकरण करण्याआधी तिचे वर्णन का करावे लागते?

१/
मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग वारंवार भेटतात: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढी विभागणी पुरेशी होती. मृदाशास्त्राने मात्र या काळीला विसाव्या शतकात एकामागून एक तीन नावे दिली, आणि त्यातले पहिले नाव रंगाने फसवले म्हणून पडले होते. त्या फसगतीचा आणि तिच्या दुरुस्तीचा हा इतिहास.

२/
सुरुवात रशियात होते. वासिली दोकुचायेव याने तेथील गवताळ प्रदेशातील काळ्या मातीचा, म्हणजे चर्नोझेमचा, अनेक वर्षे अभ्यास करून १८८३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर माती म्हणजे झिजलेला खडक, असेच बहुतेक भूवैज्ञानिक मानत. दोकुचायेवने जमिनीचा उभा छेद पाहिला आणि त्यातील थरांना ए, बी, सी अशी अक्षरे दिली: वर सेंद्रिय द्रव्याने काळा झालेला थर, मध्ये संक्रमणाचा थर, खाली मूळ द्रव्य. हे थर कोणी बाहेरून आणून टाकलेले नसतात; हवामान, वनस्पती, उतार आणि काळ यांनी ते जागेवरच घडवलेले असतात. ‘बी’चा अर्थ पुढे बदलला, पण अक्षरे आजही तीच आहेत.

३/
चर्नोझेमची कीर्ती जगभर पसरली आणि दख्खनची रेगूर माती अभ्यासकांना तिची बहीण वाटू लागली. तीही काळी, तीही सुपीक. म्हणून काही अभ्यासक तिला ‘उष्ण कटिबंधातील चर्नोझेम’ म्हणू लागले. या नावातच एक अनुमान दडलेले होते: काळेपणा सेंद्रिय द्रव्यामुळेच असणार. प्रत्यक्षात चर्नोझेममध्ये सेंद्रिय द्रव्य भरपूर असते, तर दख्खनच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी भरतो. थोडेसे सेंद्रिय द्रव्य चिकणमातीच्या कणांशी घट्ट बांधले जाते आणि सगळी माती काळी दिसते.

४/
मुळात ‘काळी’ म्हणजे नेमकी किती काळी? एका सर्वेक्षकाची ‘चॉकलेटी’ दुसऱ्याची ‘गडद करडी’ ठरे. यावरचा उपाय एका चित्रकाराकडून आला. बॉस्टनमध्ये कला शिकवणाऱ्या आल्बर्ट मन्सेलने १९०५ मध्ये रंग मोजण्याची पद्धत मांडली. तिच्यात रंगछटा, उजळपणा आणि तीव्रता असे तीन घटक आहेत. मृदा सर्वेक्षकांनी ती पुढे उचलली. ‘१० वायआर ३/१’ असे लिहिले की छटा पिवळट-तांबूस, उजळपणा ३ म्हणजे गडद आणि तीव्रता १ म्हणजे जवळजवळ रंगहीन, हे जगात कोठेही कळते.

५/
आता बेसाल्टवरील खोल काळ्या जमिनीतील एक नमुनेदार खड्डा पाहू. खोली दीड मीटर, तपासायची बाजू उन्हाकडे. फावड्याने माती लिंपली जाते, म्हणून ती बाजू सुरीच्या टोकाने वरून खाली टोकरून काढतात. मग दोन पावले मागे सरून रंग बदलतो कोठे, ढेकळांचा आकार बदलतो कोठे, हे पाहून स्तरांच्या सीमा आखतात. या टप्प्यावर मातीचे नाव कोणीही उच्चारायचे नसते.

६/
पहिला स्तर ० ते १५ सेंटिमीटर, नांगरटीचा: ओला करून पाहिल्यास १० वायआर ३/२, ढेकळे लहान आणि कडा बोथट. दुसरा १५ ते ४५: रंग तोच किंवा किंचित गडद, ढेकळे मोठी आणि कोनदार. या दोहोंत चर्नोझेमचा भास टिकून राहतो. रंग नेहमी उन्हात आणि मातीच्या ओल्या स्थितीत पाहतात. तीच माती कोरडी असता उजळपणाचा आकडा एक-दोनने वाढतो.

७/
उलगडा तिसऱ्या स्तरात होतो, ४५ ते ११० सेंटिमीटरमध्ये. येथील ढेकूळ हाताने फोडले तर ते पाचरीच्या आकारात तुटते. पाचरीचे पृष्ठ क्षितिजाशी १० ते ६० अंशांत कललेले, चकाकणारे आणि बारीक रेषांनी ओरखडलेले असते. यालाच स्लिकनसाइड म्हणतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगणारे ढेकूळ शेजारच्या ढेकळावरून घसरते आणि पृष्ठ घासून गुळगुळीत होते. चर्नोझेमची ओळख वरच्या थरातील सेंद्रिय द्रव्यात असते. या मातीची ओळख तिच्या हालचालीत आहे.

८/
येथे एक चूक सहज होते. फावड्याचा घावही चकाकतो. तो खड्ड्याच्या भिंतीवर असतो आणि अवजाराच्या दिशेने जातो. खरे स्लिकनसाइड ढेकूळ फोडल्यावर आत सापडते. ऋतूही फसवतो. भर पावसात भेगा मिटतात आणि माती एकसंध लगदा वाटते. तेव्हा ‘भेगा नाहीत’ असे लिहिणे चुकीचे. ‘तपासणीच्या वेळी ओल, भेगा बंद’ असे लिहावे लागते.

९/
रंगाचा दुसरा चकवा तीव्रतेच्या आकड्यात आहे. पाणी साचून राहिले की प्राणवायूअभावी लोह विरघळते, जागा करडी पडते आणि तीव्रता २ किंवा त्याखाली जाते. जेथे मुळांच्या वाटेने हवा शिरते तेथे तेच लोह तांबूस ठिपक्यांत साठते. म्हणून ठिपक्यांचे प्रमाण (२ टक्क्यांहून कमी, २ ते २०, की त्याहून अधिक), आकार, उठाव आणि जागा नोंदवतात. पण काळ्या मातीत पाणी न साचताही तीव्रता १ असते. नुसत्या आकड्यावरून निचरा वाईट ठरवला तर निष्कर्ष चुकेल. उलट, खरे ठिपके असले तरी काळेपणात ते बुडून जातात.

१०/
चौथ्या स्तरात, ११० च्या खाली, चुनखडीचे खडे वाढतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फेस येतो. त्याखाली मुरूम लागतो. मुरमात तांबडे-पिवळे डाग दिसले, तरी ते साचलेल्या पाण्याचेच असतील असे नाही. कुजलेल्या बेसाल्टच्या तुकड्याचा रंगही तसाच असतो. डाग मुळाच्या किंवा भेगेच्या कडेने आहे, की दगडाच्या कणाच्या आत, हे पाहिल्यावरच त्याचे कारण लिहिता येते.

११/
एवढी पाने भरल्यावर वर्गीकरणाची पाळी येते. १९५० च्या सुमारास अमेरिकी अभ्यासकांनी उष्ण प्रदेशांतील अशा गडद चिकण मातींना ‘ग्रुमुसॉल’ असे एक नाव दिले. १९६० च्या नव्या अमेरिकी आराखड्यात ‘व्हर्टिसॉल’ हा वर्ग आला. लॅटिनमधील ‘उलटणे’ या क्रियापदावरून. त्याच्या व्याख्येत रंगाला स्थान नाही. वरच्या एक मीटरमध्ये स्लिकनसाइड किंवा पाचरी असलेला किमान २५ सेंटिमीटरचा थर, किमान ३० टक्के चिकणमाती आणि ठराविक काळाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा, या तिच्या अटी आहेत. आपल्या खड्ड्यातील तिसरा स्तर ६५ सेंटिमीटरचा आहे. पोताच्या तपासणीत चिकणमाती भरली आणि उन्हाळ्यात भेगा दिसल्या, की नाव ठरले.

१२/
‘उष्ण कटिबंधातील चर्नोझेम’, ‘ग्रुमुसॉल’, ‘व्हर्टिसॉल’: नावे बदलत गेली, माती तीच राहिली. ज्या जुन्या नोंदवहीत केवळ पहिले नाव लिहून ठेवले आहे, तिचा आज फारसा उपयोग नाही. जिच्यात ‘४५ ते ११०, १० वायआर ३/१, पाचरीसारखी ढेकळे, पृष्ठे चकाकणारी व कललेली’ अशी ओळ आहे, तिच्यावरून ती माती आजही नव्या वर्गात बसवता येते. ज्याने नाव आधी ठरवले, तो खड्ड्यात त्या नावाचीच लक्षणे शोधत बसला. ज्याने पाचर पाहून लिहून ठेवली, त्याची नोंद तिन्ही नावांच्या पलीकडे टिकली.