उपशामक सेवा : अखेरच्या दिवसांतील सलाईन

उपशामक सेवेत, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमध्ये, मृत्यू काही दिवसांवर आलेल्या रुग्णाचे नातेवाईक बहुधा एक मागणी करतात : ‘खाणंपिणं सुटलंय, निदान सलाईन तरी लावा.’ तिला फटकन नकार देणे चूक, आणि काही न बोलता बाटली टांगणेही चूक. आधी घरच्यांना आजाराविषयी काय समजले आहे ते विचारावे, मग कारण सांगावे. शरीरभर पसरलेल्या कर्करोगात अखेरीस अन्न अंगी लागत नाही आणि भूकही मरते. जेवण सुटल्यामुळे मरण येत नसते. मरण जवळ आल्यामुळे जेवण सुटते. हे उमगले, की ‘आपण माणसाला उपाशी ठेवतोय’ ही टोचणी कमी होऊ शकते.

पुरावाही याच बाजूचा आहे. एदुआर्दो ब्रुएरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हॉस्पिस सेवेतील कर्करोगाच्या १२९ रुग्णांपैकी एका गटाला रोज एक लिटर, तर दुसऱ्याला फक्त १०० मिलिलिटर सलाईन दिले. त्रासाची लक्षणे किंवा उरलेले आयुष्य यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट अशा रुग्णाच्या रक्तात अल्ब्युमिन कमी असल्याने पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही. पाय सुजतात, छाती भरते, घरघर वाढते. यावर आक्षेप असा, की काहींची ग्लानी खरोखर पाण्याअभावी असते. तो रास्त आहे. तीव्र निर्जलीकरण झालेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. उलट्यांनी किंवा रक्तातील वाढलेल्या कॅल्शियममुळे कोरड्या पडलेल्या रुग्णाला सलाईन अवश्य द्यावे, पण मुदत ठरवून : दोन दिवसांत शुद्ध सुधारली नाही किंवा सूज वाढली तर थांबवायचे, हे घरच्यांशी आधीच बोलून.

सलाईन नाकारून घरच्यांचे हात रिकामे ठेवू नयेत. त्रास बहुतेक कोरड्या तोंडाचा असतो, आणि तो बाटलीने जात नाही. ओल्या मऊ कापडाने दर दोन तासांनी तोंड पुसावे, ओठांना व्हॅसलीन लावावे. मुखी गंगाजळ घालायचे असेल तर रुग्णाला कुशीवर वळवून ओठ ओले होतील इतकेच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमच्याने ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. धाप आणि वेदनेसाठी मॉर्फिन लागते. त्याने मरण लवकर येते ही भीती घरोघरी असते, पण थोड्या मात्रेपासून सुरू करून बेताने वाढवलेल्या मॉर्फिनने आयुष्य घटत नाही. गिळणे थांबल्यावर तेच औषध त्वचेखाली देता येते. मात्र तोंडाने घेण्याच्या मात्रेच्या साधारण निम्मी मात्रा पुरते, म्हणून हिशेब डॉक्टरांनी आधीच कागदावर मांडून ठेवावा. त्याच कागदावर रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबरही हवा. तो नसेल, तर पहाटे घरघर सुरू होताच घाबरलेले कुटुंब रुग्णाला अतिदक्षता विभागात नेते.