कोष्टकातील रिकामी घरे

इ. स. 1865 मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ जॉन न्यूलँड्स यांनी ज्ञात मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण पुन्हा प्रकटतात असे त्यांच्या ध्यानी आले. सप्तसुरांनंतर पुन्हा षड्ज यावा, तसाच हा प्रकार होता. हलक्या मूलद्रव्यांपुरता हा नियम जुळला. पुढे मात्र लोखंड ऑक्सिजन व गंधकाच्या पंक्तीत जाऊन बसले आणि कोबाल्ट व निकेल यांना एकाच घरात कोंबावे लागले. 1866 मध्ये केमिकल सोसायटीच्या सभेत एका सदस्याने त्यांना विचारले, की हीच मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिलीत काय? प्रश्नातील उपरोध उघड होता. वास्तविक न्यूलँड्स यांची कल्पना चुकीची नव्हती; ज्ञात मूलद्रव्यांची यादी पूर्ण आहे असे समजून त्यांनी या मांडणीत एकही घर रिकामे ठेवले नव्हते.

1869 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह याच वाटेने निघाले. जस्ताचा अणुभार 65 आणि त्यानंतरचे ज्ञात मूलद्रव्य आर्सेनिक, त्याचा 75. क्रम तसाच चालू ठेवला असता आर्सेनिक ॲल्युमिनियमच्या खाली आले असते. परंतु ॲल्युमिनियमचा अणू तीन क्लोरीन अणूंशी संयोग पावून थांबतो, तर आर्सेनिक फॉस्फरसप्रमाणे पाच संयुजाही दाखवते आणि हायड्रोजनशी फॉस्फरससारखेच वायुरूप संयुग बनवते. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांचा कौल मानला आणि आर्सेनिक फॉस्फरसच्या खाली बसवले. त्यामुळे ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या खालची दोन घरे रिकामी राहिली.

घर रिकामे असले, तरी त्याचे शेजारी ज्ञात होते. सिलिकॉनखालच्या घराच्या वर सिलिकॉन 28, खाली कथील 118, त्याच ओळीत मागे जस्त 65 आणि पुढे आर्सेनिक 75. या चौघांची सरासरी 71.5 येते, मेंडेलीव्ह यांनी अंदाज वर्तवला 72. घनता, ऑक्साइडचे सूत्र, क्लोराइडची बाष्पशीलता हेही त्यांनी शेजाऱ्यांवरूनच ताडले. या अज्ञातांच्या नावांसाठी त्यांनी संस्कृत अंक घेतला: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन, म्हणजे त्या मूलद्रव्यापासून एक घर पुढचे.

1875 मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना पिरेनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजाचा वर्णपट तपासताना दोन अनोळखी जांभळ्या रेषा दिसल्या. या नव्या धातूला त्यांनी गॅलियम हे नाव दिले आणि त्याची घनता 4.7 असल्याचे जाहीर केले. मेंडेलीव्ह यांनी कळवले, की हेच आपले एका-ॲल्युमिनियम. मात्र त्याची घनता 5.9 च्या आसपास असली पाहिजे, तेव्हा नमुना पुन्हा शुद्ध करून पाहावा. ज्याने तो धातू कधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता, त्याने तो शोधणाऱ्याचे मोजमाप चुकले असे म्हणावे, हे धाडसच होते. आकडा पुन्हा 4.7 आला असता, तर कोष्टकावरचा विश्वासच डळमळला असता. ब्वाबोद्राँ यांनी धातू अधिक शुद्ध केला आणि घनता भरली 5.9. पुढे 1886 मध्ये जर्मनीत क्लेमेन्स विंक्लर एका चांदीच्या खनिजाचे पृथक्करण करत असता सर्व घटकांची बेरीज दर वेळी सुमारे सात टक्क्यांनी कमी पडे. त्या तुटीतूनच जर्मेनियम हाती लागले. ते एका-सिलिकॉन होते. त्याचा अणुभार 72 हून किंचित अधिक निघाला.

या पद्धतीला एक मर्यादा होती, आणि तिची खूण मेंडेलीव्ह यांचे कोष्टक छापले जाण्यापूर्वीच आपल्या भूमीवरून दिसून गेली होती. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानावरून गेली. आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या त्या गावी लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन उभे होते. त्या ग्रहणात निरनिराळ्या ठिकाणच्या निरीक्षकांना सूर्यज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा आढळली आणि ती प्रथम सोडियमची मानली गेली. ती सोडियमची नाही, हे त्यानंतर इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी दाखवले. ती हेलियमची होती. परंतु 1869 च्या कोष्टकात हेलियमसाठी रिकामे घरही नव्हते. त्याच्या कुळातील एकही मूलद्रव्य तेव्हा पृथ्वीवर कोणास सापडले नव्हते. संपूर्ण स्तंभच अज्ञात असल्याने शेजाऱ्यांमधील पोकळी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. 1894 मध्ये आर्गॉन सापडला, तेव्हा तो तीन अणूंनी बनलेला नायट्रोजनच असावा असा संशय खुद्द मेंडेलीव्ह यांनी घेतला. पुढच्याच वर्षी रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजात हेलियम मिळाला. नंतर निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन येऊन मिळाले, तेव्हा कोष्टकाला सबंध नवा स्तंभ जोडावा लागला. जुनी मांडणी मात्र न मोडता तशीच राहिली.