तिसऱ्या महिन्यातले पत्र : क्षयरुग्णाला काय कळवावे?

क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणारे बरेच रुग्ण ते कंटाळून नव्हे, तर बरे वाटू लागले म्हणून सोडतात. खोकला थांबलेला असतो, ताप गेलेला असतो, भूक लागते, वजन वाढते. नेमक्या याच वेळी, म्हणजे दुसरा महिना संपताना, आरोग्य केंद्रातून किंवा खासगी डॉक्टरांकडून रुग्णाच्या हाती एक पत्र पडले तर त्याचा उपयोग होतो. मात्र 'औषध नियमित घ्या' एवढाच मजकूर त्यात असेल, तर ते न लिहिलेले बरे.

समजा, पत्र धारावीत शिवणकाम करणाऱ्या, ४६ किलो वजनाच्या एका महिलेला लिहायचे आहे. तिला फुफ्फुसाचा, औषधांना दाद देणारा साधा क्षयरोग आहे. वजनानुसार ती रोज तीन गोळ्या घेते. पहिले दोन महिने प्रत्येक गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधे असतात. पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. गोळ्यांची संख्या तीच राहते, पाकीट मात्र बदलते. हा बदल आधीच कळवलेला नसेल, तर 'चुकीचे औषध दिले' असा संशय येतो.

पत्राची सुरुवात थुंकीच्या तपासणीपासून करावी. 'ताई, दोन महिन्यांनंतर तुमच्या थुंकीत जंतू दिसले नाहीत, ही चांगली खूण आहे. पण जंतू संपले असा त्याचा अर्थ नाही,' हे वाक्य महत्त्वाचे. झपाट्याने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. काही जंतू मात्र जवळजवळ निद्रिस्त असतात आणि त्यांच्यावर औषधाचा परिणाम फार सावकाश होतो. पुढील चार महिने त्यांच्यासाठीच असतात. औषध तेव्हा थांबले तर रोग उलटू शकतो. अधूनमधून घेतले तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो, आणि मग उपचार अधिक कठीण होतात. घरातील एखादे वडीलधारे माणूस 'आमच्या वेळी आठवड्यातून तीनदाच गोळ्या असत' असे सांगते. ते खोटे नाही. पण सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून देशभर रोजचा डोस लागू झाला, हेही पत्रात लिहावे.

त्यानंतर दुष्परिणामांचा भाग. सगळे त्रास एकाच यादीत घातले की रुग्ण घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करतो. म्हणून कशाला घाबरायचे नाही आणि कशासाठी त्याच दिवशी धावायचे, हे पत्राने वेगळे सांगावे. लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात ते रिफाम्पिसिनमुळे. ते रक्त नव्हे. मळमळ होत असेल तर गोळ्या थोड्या खाण्यानंतर घेता येतात का, ते डॉक्टरांना विचारावे. हातापायांना मुंग्या येणे हे आयसोनियाझिडमुळे होते आणि त्यावर पायरिडॉक्सिन, म्हणजे 'ब-६' जीवनसत्त्व देतात. सांधेदुखी बहुधा पायराझिनामाइडची असते आणि ते औषध दोन महिन्यांनी थांबते. यांपैकी कशासाठीही गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

उलट डोळे पिवळे होणे, लघवी चहासारखी गडद होणे, अन्नावरची वासना उडून सतत उलट्या होणे ही यकृताला इजा झाल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा पुढचा डोस न घेता त्याच दिवशी केंद्र गाठावे. अंधुक दिसणे किंवा लाल-हिरवा रंग ओळखू न येणे ही इथाम्ब्युटॉलची खूण, आणि तिलाही हाच नियम. येथे गोळ्या थांबवणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. यकृताच्या तपासणीनंतर डॉक्टर बहुधा औषधे एकेक करून पुन्हा सुरू करतात. आणखी एक गोष्ट अशा पत्रांतून हमखास गळते : रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, म्हणून उपचारकाळात दुसरे साधन वापरावे लागते.

शेवटी मदत. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत; नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. ती बँक खात्यात जमा होते, त्यामुळे खात्याचा तपशील केंद्रात नोंदवला आहे ना, हे पत्रातच विचारावे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांची नोंद झाली असेल, तर तेही पात्र ठरतात. २०२२ पासून 'निक्षय मित्र' योजनेतून रुग्णाच्या संमतीने शिधाही मिळू शकतो. शंकांसाठी १८००-११-६६६६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे.

मुंबईच्या पत्रात गावाचा विषय हवाच. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जायचे असेल, तर तेवढ्या दिवसांच्या गोळ्या आधी मागून घ्याव्यात; मुक्काम लांबणार असेल तर गावाजवळच्या सरकारी केंद्रात उपचार वर्ग करून मिळतात. चार-पाच दिवस चुकलेच, तरी लपवू नये. केंद्रात सांगितले तर पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. गरज भासल्यास थुंकी पुन्हा तपासली जाते.