हीटर रॉडचा शॉक गिऱ्हाईकाला, दावा दुकानदारावर. कोणता विमा कुठे चालतो?

पाथरी : माल रस्त्यात फुटला तर एक विमा लागतो आणि विकलेल्या मालाने कोणाला इजा झाली तर दुसरा. या दोन्हींची गल्लत केल्यामुळे छोटे विक्रेते अडचणीत येतात.

समजा, पाथरीतल्या एका दुकानदाराने ट्रान्सपोर्टने २० हजार रुपयांचे पाणी तापवायचे हीटर रॉड मागवले. भाडे ४०० रुपये लागले. बिल्टीवर मालाची किंमत जास्त जाहीर करून वाहतूकदाराशी जादा जोखमीचा करार केला नसेल, तर साधारण भाड्याच्या दहापटच भरपाई मिळते, म्हणजे ४ हजार. उरलेले १६ हजार दुकानदाराच्या अंगावर पडतात. हा फरक भरून काढायला ट्रान्झिट विमा असतो. मात्र खोके फुटलेले दिसताच डिलिव्हरी पावतीवर तसा शेरा मारून घ्यावा, फोटो काढावेत आणि ट्रान्सपोर्टला लेखी कळवावे. कोर्टात जायचे असेल तर ही लेखी नोटीस १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. पॅकिंगच कच्चे असेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आता त्यातलाच एक रॉड विकला गेला आणि गिऱ्हाईकाला शॉक बसला. इथे ट्रान्झिट विमा काहीच कामाचा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार गिऱ्हाईक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. म्हणजे माल ऑनलाइन पुण्याला विकला असेल तर तारखेला पुण्याला जावे लागू शकते.

दोष कारखान्याचा असला तरी विक्रेता कधी सापडतो, हे कलम ८६ सांगते. बनवणारा कोण हे माहीतच नसेल किंवा त्याला नोटीस पोहोचत नसेल, मालात स्वतः बदल केला असेल आणि त्यातूनच इजा झाली असेल, कंपनीपेक्षा वेगळी हमी आपल्या तोंडाने दिली असेल, किंवा धोक्याची सूचना गिऱ्हाईकाला सांगितली नसेल, तर भरपाई विक्रेत्याकडून मागता येते. म्हणूनच बिनबिलाचा माल महागात पडतो. पक्के बिल, त्यावर बॅच नंबर आणि खोक्यावर कंपनीचा पत्ता असला की बोट कारखान्याकडे दाखवता येते.

या जोखमीसाठी 'प्रॉडक्ट लायबिलिटी' पॉलिसी मिळते. इजा, मृत्यू किंवा मालमत्तेचे नुकसान यांची भरपाई आणि कोर्टाचा खर्च ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. खराब रॉड बदलून द्यायचा खर्च मात्र देत नाही. जाणूनबुजून कायदा मोडला असेल तरीही पैसे मिळत नाहीत. हीटर रॉडला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, खेळण्यांनाही १ जानेवारी २०२१ पासून तो लागतो. मार्क नसलेला माल माहीत असून विकला, तर हप्ता भरूनही दावा अडकू शकतो.