फोन रिसेट करण्याआधी किंवा दुरुस्तीला देण्याआधी काय करायचं?

समजा, तुमच्या अँड्रॉइड फोनचं चार्जिंग अडकतंय. दुकानदार म्हणतो, "फोन ठेवून जा, संध्याकाळी या. लॉक काय आहे तेवढं सांगा." जुना फोन विकताना किंवा घरातल्या कुणाला देतानाही अशीच घाई होते. या घाईत दोन प्रकारे नुकसान होतं. एक तर आपला डेटा कायमचा जातो, नाहीतर तो दुसऱ्याच्या हाती राहतो. दोन्ही टाळायचं तर कामांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी बॅकअपची तारीख बघा

बॅकअप चालू आहे म्हणजे तो झालेला आहे, असं नाही. व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Chats आणि मग Chat backup उघडा. तिथे शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते. ती तीन महिन्यांपूर्वीची असेल, तर मधल्या काळातले मेसेज फक्त फोनमध्येच आहेत. याचं नेहमीचं कारण म्हणजे गुगल खात्यातली जागा संपलेली असणं. मोफत मिळणाऱ्या १५ जीबी जागेत जीमेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप असं सगळंच मोजलं जातं. अशा वेळी Include videos हा पर्याय बंद करून पुन्हा बॅकअप घ्या. नवा फोन हाताशी असेल तर Chats मधल्या Transfer chats मधून क्यूआर कोड स्कॅन करून चॅट थेट तिकडे नेता येतात. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो आठवतोय याची खात्री करा, कारण त्याशिवाय तो बॅकअप उघडत नाही.

गुगल फोटोजमध्ये साधारणपणे फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो बॅकअप होतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या लग्नाच्या किंवा आजीच्या फोटोंचा फोल्डर वेगळा निवडावा लागतो. खात्री करण्यासाठी दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर photos.google.com उघडा आणि कालचा एखादा फोटो शोधा. नंबरांसाठी contacts.google.com बघा. तिथे न दिसणारे नंबर फोनमध्ये किंवा सिमवर सेव्ह झालेले असतात.

लॉगिनचे सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल, तर ते आधी दुसऱ्या फोनवर हलवा. नाहीतर रिसेटनंतर स्वतःच्याच खात्याबाहेर अडकाल.

दुरुस्तीसाठी रिसेटची गरज नसते

चार्जिंग पोर्ट किंवा बॅटरी बदलायला तुमचे फोटो लागत नाहीत. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये Maintenance mode आणि पिक्सेलमध्ये Repair mode असतो. सेटिंग्जमध्ये वर शोधून तो चालू केला की फोन रीस्टार्ट होतो आणि रिकाम्या फोनसारखा उघडतो. कारागिराला टच, कॅमेरा, चार्जिंग तपासता येतं, पण तुमचे ॲप आणि फोटो दिसत नाहीत. बाहेर पडायला तुमचंच लॉक लागतं, त्यामुळे पिन सांगायची वेळ येत नाही. बॅकअप मात्र तरीही घ्या, कारण मदरबोर्ड बदलावा लागला तर आतला डेटा परत मिळत नाही.

ही सोय नसेल आणि फोन एक-दोन दिवस ठेवावा लागणार असेल, तर बॅकअपनंतर रिसेट करणंच बरं. दोन्ही वेळी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. सिमवर तुमचे ओटीपी येतात.

रिसेट सेटिंग्जमधूनच करा

विकण्याआधी Settings मधल्या Accounts मध्ये जाऊन गुगल खातं काढा आणि मग तिथूनच Erase all data निवडा. बटणं दाबून रिकव्हरी मोडमधून रिसेट केला, तर फोन चोरीचा असू शकतो असं समजून अँड्रॉइड जुन्या खात्याचा पासवर्ड किंवा जुनं लॉक मागतो. मग घेणारा अडकतो आणि तुम्हाला फोन करत बसतो. गुगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर रिसेटआधी २४ तास थांबा. आयफोनमध्ये याच कारणासाठी आधी Find My बंद करावं लागतं.

ई-सिम असेल तर रिसेट करताना तेही पुसायचं का, असं विचारलं जातं. दुरुस्तीनंतर फोन तुमच्याकडेच येणार असेल तर ते ठेवा, नाहीतर कंपनीकडून पुन्हा घ्यावं लागेल.

डेटा खरंच पुसला जातो का?

गेल्या काही वर्षांतल्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतो. रिसेट केल्यावर त्याची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे उरलेले तुकडे वाचता येत नाहीत. मेमरी कार्डाचं तसं नाही. ते साध्या रिसेटमध्ये पुसलं जात नाही, आणि नुसतं फॉरमॅट केलेल्या कार्डावरचे फोटो बऱ्याचदा परत काढता येतात. त्यामुळे फोन विका, कार्ड मात्र स्वतःजवळच ठेवा.

शेवटी फोन चालू करून बघा. जुनं खातं न मागता नव्या फोनसारखा भाषा निवडण्याचा स्क्रीन आला आणि पुढेही अडला नाही, तर तो द्यायला तयार आहे.