फोनची बॅटरी: चार्जिंगमधील उष्णता व चार्ज-मर्यादा

फोनची लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना कोमट होणे स्वाभाविक आहे. विजेचा काही भाग चार्जिंगच्या सर्किटमध्ये आणि खुद्द बॅटरीच्या अंतर्गत रोधात उष्णता बनतो. फोनमध्ये 15 वॅट जात आहेत आणि त्यांतील दहावा हिस्सा वाया जातो असे धरले, तर दीड वॅट उष्णता बंदिस्त कवचात साठत राहते. प्रवाह दुप्पट झाला की रोधातली उष्णता चौपट होते. त्यामुळे जलद चार्जिंगमध्ये फोन सर्वाधिक तापतो तो बॅटरी बरीच रिकामी असताना. पुढे फोनच प्रवाह कमी करत नेतो. वायरलेस चार्जिंगमध्ये वाया जाणारा भाग आणखी मोठा असतो.

तापण्याचे मुख्य नुकसान रासायनिक असते. ऋण बाजूच्या ग्रॅफाइटवर एक पातळ संरक्षक थर असतो. उष्णतेत तो लवकर जाड होतो; त्यात लिथियम कायमचे अडकते आणि बॅटरीची क्षमता घटते. दुसरीकडे, बॅटरी पूर्ण भरत आली की व्होल्टेज सुमारे 4.4 पर्यंत चढते आणि धन बाजूला इलेक्ट्रोलाइटचे विघटन वाढते. भरलेली बॅटरी तासन्‌तास गरम राहणे सर्वांत वाईट, कारण तेव्हा दोन्ही क्रिया एकदम चालतात. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावून नकाशा चालू ठेवलेला फोन नेमका याच अवस्थेत असतो.

चार्ज-मर्यादा यांतील दुसरे कारण आवरते. आयफोन 15 मालिकेत (2023) 80 टक्क्यांची मर्यादा आली. आयओएस 18 मध्ये (2024) ती 80 ते 100 दरम्यान पाच-पाच टक्क्यांनी निवडता येऊ लागली. सॅमसंगच्या वन यूआय 6.1 मध्ये `Battery protection` खाली `Maximum` निवडल्यास चार्जिंग 80 वर थांबते. 5000 एमएएचचा फोन मग 4000 चाच उरतो. दिवसभर बाहेर असणाऱ्याला हे परवडेलच असे नाही. अशांना फोन रात्रभर 80 वर थांबवून उठण्याच्या सुमारास पूर्ण भरणारी अनुकूली सोय अधिक योग्य. मर्यादा लावलेला आयफोन अधूनमधून मुद्दाम 100 पर्यंत जातो. तो बिघाड नव्हे. टक्केवारीचा अंदाज अचूक राहावा यासाठी ते असते.

मर्यादेने फोन तापणे थांबत नाही. ॲपलच्या मते वापरताना सभोवतालचे तापमान 35 अंशांपर्यंत असावे. विदर्भातील मे महिन्यात खोलीही त्यापुढे जाते. अशा वेळी जाड कव्हर काढावे, फोन उशीवर न ठेवता फरशीवर पंख्याखाली ठेवावा, चार्जिंग चालू असताना गेम वा व्हिडिओ कॉल टाळावा आणि कमी वॅटचा चार्जर वापरावा. आयफोनवर `Charging On Hold` दिसले तर तो थंड होऊ द्यावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरते.

चार्जिंग नसताना, काही न करताही फोन तापत असेल, तर कारण वेगळे असते. पाठ फुगली किंवा स्क्रीनची कड उचलली गेली, तर बॅटरीत वायू धरला आहे असे समजून चार्जिंग तत्काळ बंद करावे. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये.